मुतखड्याची कळ आणि वाट पाहण्याची मर्यादा

मूत्रपिंडात बसलेला खडा बहुधा दुखत नाही. तो मूत्रनलिकेत उतरून अडकला की वर लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणले जाते आणि कळ उठते. ती कुशीतून जांघेकडे उतरते, लाटांसारखी चढते-ओसरते, सोबत मळमळ असते. पोट धरून निपचित पडण्याऐवजी रोगी येरझाऱ्या घालतो. कुठल्याच कुशीवर त्याला चैन पडत नाही. खडा मूत्राशयाजवळ आला की सारखी लघवीला लागते.

कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी प्यायल्याने खडा ढकलला जातो, हा समज खोटा आहे. तुंबलेल्या नळीवरचा ताण मात्र वाढू शकतो. तेव्हा तहानेपुरते पाणी पुरे. पाण्याचा खरा उपयोग पुढचा खडा टाळण्यासाठी. त्यासाठी दिवसभरात अडीच लिटर लघवी व्हायला हवी. उन्हात घाम गाळणाऱ्याला त्यासाठी कितीतरी जास्त प्यावे लागते, म्हणून पेले मोजण्यापेक्षा लघवीचा फिका रंग पाहणे बरे.

नलिकेच्या खालच्या टोकाशी ६ मिलिमीटरचा खडा आहे, कळ गोळीने थांबते, ताप नाही, असे असेल तर चार ते सहा आठवडे थांबता येते. मात्र दुखणे थांबले म्हणजे खडा पडला असे नव्हे; तपासणी पुन्हा करावीच लागते. तेवढ्या काळात तो सरकला नाही, तर दुर्बिणीने फोडून काढतात. १० मिलिमीटरच्या वरचा खडा आपोआप क्वचितच पडतो.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा एकच मूत्रपिंड असताना ते तुंबले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तापात आधी स्टेंट घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात. खडा नंतर काढतात.