शंभर गोण्या आणि एक लिफ्ट

मुंबईच्या उपनगरातली वीस वर्षं जुनी, सात मजली इमारत. सातव्या मजल्यावरच्या कुटुंबाने एक बाथरूम पुरतं फोडून नव्याने करायचं ठरवलं. बाथरूम तसं लहानच, पाच फूट बाय सात फूट. भिंतींवर सात फुटांपर्यंत टाइल्स, आणि खाली संक, म्हणजे पाइप लपवण्यासाठी स्लॅब फूटभर खाली घेऊन विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला खड्डा. टाइल्स, त्यांच्यामागचा मसाला आणि प्लास्टर मिळून भिंतींतून साधारण 800 किलो माल निघतो. संकमधून त्याच्या दुप्पट. म्हणजे एका बाथरूममागे जवळपास अडीच टन राडारोडा. पंचवीस किलोची एक गोणी धरली तर शंभर गोण्या.

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागणारं ‘अंतर्गत नूतनीकरणाबाबत’ हे परिपत्रक म्हणजे या शंभर गोण्या सातव्या मजल्यावरून रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत कशा जाव्यात, याचा तपशील. कामाचे तास, राडारोडा, लिफ्ट आणि अनामत हे त्यातले चार विषय बहुतेक ठिकाणी चार वेगळ्या कलमांत येतात. कामाला हात घातला की मात्र ते एकमेकांत गुंततात.

परवानगी हा त्याआधीचा टप्पा. आपल्या सदनिकेत फेरबदल करायचे तर सभासदाने समितीची लेखी परवानगी घ्यावी, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत म्हटलं आहे. टाइल्स बदलणं, प्लास्टर, रंग, नळ-पाइप यांसारख्या साध्या दुरुस्त्यांना मुंबईत सहसा महापालिकेची परवानगी लागत नाही. बीम, कॉलम, स्लॅब यांना हात लागणार असेल तर ती लागते, आणि सोसायटीला आपल्या अधिकारात तिथे ‘हो’ म्हणता येत नाही. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत कोसळली आणि 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावरच्या जागेत चाललेल्या नूतनीकरणात इमारतीच्या आधारालाच धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. त्यामुळे अर्जासोबत नुसतं ‘इंटिरिअरचं काम’ असं लिहून भागत नाही. कोणती भिंत पाडणार, कुठे झिरी मारणार, हे नकाशावर दाखवून घेतलं पाहिजे. मायवन पद्धतीने बांधलेल्या नव्या टॉवरमध्ये तर घरातल्या बहुतेक भिंतीच काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. तिथे वायरिंगसाठी आडवी झिरी मारायलाही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं लागतं.

आता कामाचे तास. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल. तोडफोडीचं मशिन खोलीत सुरू झालं की हा आकडा सहज मागे पडतो. म्हणून सोसायट्या आपली वेळ अधिक कडक ठेवतात: सकाळी दहा ते दीड, दुपारी साडेतीन ते सहा, रविवारी आणि सणासुदीला बंद, असा साधारण साचा दिसतो. काही सोसायट्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा संपेपर्यंत तोडफोड थांबवायला सांगतात.

या कलमातली नेहमीची उणीव म्हणजे सगळ्या कामांना एकच वेळ लावणं. रंगकाम किंवा फर्निचरचे स्क्रू पिळणं यांचा शेजाऱ्यांना फारसा त्रास नसतो. त्रास होतो तो चिपिंग, ड्रिल आणि टाइल कापायच्या ग्राइंडरचा. चिपिंगचे हादरे स्लॅब आणि कॉलममधून पसरतात. सातव्या मजल्यावरचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना थेट डोक्यावर चालल्यासारखं वाटतं, आणि मग चौथ्या मजल्यावरच्या निरपराध घराची बेल वाजते. म्हणून चांगल्या परिपत्रकात आवाजाच्या कामांना वेगळे, थोडे तास दिलेले असतात. तोडफोड कोणत्या घरात, कोणत्या तारखांना होणार, याची चिठ्ठी लिफ्टजवळ लावणंही बंधनकारक असतं. एका बाथरूमच्या तोडफोडीला दोन-तीन दिवस लागतात. एवढे दिवस आधी कळले, तर रात्रपाळीवरून आलेला माणूस किंवा तान्ह्या बाळाची आई आपली सोय बघू शकते.

तोडफोड झाली की ते शंभर गोण्यांचं ओझं घरातच साठू लागतं. राहत्या घरांचे स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापराचा भार धरून आखलेले असतात. माणसं, कपाटं, पलंग यांना ते भरपूर पुरतं. पण सुटा राडारोडा घनमीटरला 1,300 ते 1,500 किलो भरतो. तो हॉलच्या कोपऱ्यात कमरेएवढा रचला, तर त्या जागेवर आखलेल्या भाराच्या पाच-सहा पट वजन येतं. नव्या टाइल्सची खोकी एकावर एक रचली तरी तेच होतं. बाल्कनीत रास घालणं त्याहून वाईट, कारण बाहेर झुकलेल्या स्लॅबवर अशा ओझ्याचा ताण अधिक पडतो. स्लॅब त्याच दिवशी कोसळेल असं नाही, पण खालच्या घराच्या छताला तडे जाऊ शकतात, आणि मग तो तडा जुना की नवा यावर भांडण होतं.

यामुळेच ‘राडारोडा रोजच्या रोज खाली न्यावा’ हे वाक्य परिपत्रकात असतं. जिना, पॅसेज आणि गच्चीत गोणी ठेवायची नाही, हेही असतंच. जिन्यातल्या गोण्या आग लागली तर सुटकेची वाट अडवतात. खाली आणल्यावरही माल आवाराच्या कोपऱ्यात पडून राहिला तर पहिल्या पावसात तो गटारात जातो. ओल्या कचऱ्याच्या गाडीत राडारोडा टाकता येत नाही. बांधकामाचा कचरा वेगळा ठेवून ठरलेल्या ठिकाणी द्यावा, असं केंद्रीय नियमांत सांगितलं आहे. मुंबईत त्यासाठी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. खासगी टेम्पो केला तर छोटा हत्ती एका खेपेत साधारण पाऊण टन नेतो, म्हणजे एका बाथरूमला तीन-चार खेपा. कंत्राटदाराने एकच खेप धरून दर दिला असेल, तर उरलेला माल कुठे जाणार हे आधीच विचारलेलं बरं. बऱ्याचदा तो रात्री एखाद्या खाडीकाठी रिकामा होतो.

गोणी किती भरायची, हेही लिहून ठेवण्यासारखं आहे. बिगारी बहुतेक वेळा सिमेंटच्या रिकाम्या गोण्याच वापरतात. ती काठोकाठ भरली तर पन्नास किलोच्या आसपास जाते, उचलताना फाटते आणि लिफ्टच्या दारातच सांडते. अर्धी भरून तोंड बांधलेली गोणी हा साधा नियम पुढचा बराच खर्च वाचवतो.

लिफ्टचं गणित मात्र क्वचितच कुणी मांडतं. माणसांच्या लिफ्टमध्ये एका माणसाचं वजन 68 किलो धरतात; म्हणजे आठ जणांची लिफ्ट 544 किलोंची. तिच्या स्टीलच्या भिंतींना ओरखडे पडू नयेत म्हणून आतून प्लायवूड लावायला सांगतात. बारा मिलिमीटरचं प्लाय तीन बाजूंना लावलं तर त्याचंच वजन साठेक किलो होतं, म्हणजे जवळजवळ एक माणूस कायमचा लिफ्टमध्ये उभा राहिल्यासारखं. उरले 480 किलो. दोन बिगाऱ्यांचे 136 वजा केले तर 340-345. वजनाला थोडा वाव ठेवून ‘एका खेपेत दहाच गोण्या’ असा आकडा लिहिता येतो. सहा मिलिमीटरचं प्लाय किंवा फोमची शीट वापरली तर हा भार निम्मा किंवा त्याहून कमी होतो आणि काम तितकंच भागतं.

प्लाय लावताना बटणांचं पॅनेल, आपत्कालीन घंटा, हवा खेळण्याच्या जाळ्या आणि दाराच्या कडेचा सेन्सर झाकला जाऊ नये. जमिनीवरचं आच्छादन दाराच्या खोबणीवर येऊ द्यायचं नाही. ओरखड्यांपेक्षा महागात पडते ती हीच खोबण. वाळू आणि टाइलचा चुरा तिच्यात साचला की दार अर्ध्यावर येऊन पुन्हा उघडतं, मग घासत बंद होतं, आणि एक दिवस लिफ्ट मजल्यावरच अडून बसते. दार दोनदा उघडझाप करू लागलं की ओळखावं, खोबण भरली आहे. दर संध्याकाळी ब्रशने आणि व्हॅक्यूमने ती साफ करण्याचं काम कुणाचं, हे नावानिशी लिहिलेलं असावं. पाण्याने मात्र धुवायची नाही. पाणी शाफ्टमध्ये उतरून विजेच्या भागांत जातं.

या सगळ्यामागे तारण म्हणून अनामत. समजा, रक्कम 30,000 रुपये ठरली. ती सर्वसाधारण सभेच्या ठरावाने ठरलेली असावी, चेकने घ्यावी, तिची पावती द्यावी, आणि हिशेबात ती सोसायटीचं उत्पन्न म्हणून नव्हे तर देणं म्हणून दिसावी. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी आणि सभासद मिळून लिफ्ट, लॉबी, जिना आणि खालच्या घराचं छत यांचे तारखेसह फोटो काढतात. पुढचे बहुतेक वाद या फोटोंवरच मिटतात.

काम संपल्यावर कपात होते ती बिलांवरून. खोबण साफ करायला आलेल्या तंत्रज्ञाचे 1,800, लॉबीतल्या दोन फुटलेल्या टाइल्सचे 1,400, बाकी 26,800 परत, असा हिशेब. पण वेळेनंतर काम केल्याबद्दल ‘रोज हजार रुपये दंड’ हा वेगळा मामला आहे. आदर्श उपविधींनुसार नियमभंगाचा दंड सर्वसाधारण सभा ठरवते, आधी सभासदाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि वर्षाला 5,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे. सेक्रेटरीने तो परस्पर अनामतीतून वळता करून घेतला तर सभासदाला तक्रारीला जागा मिळते. ‘देणगी’ म्हणून परत न मिळणारी रक्कम घेण्याचंही तसंच. अनामतीचा हेतू नुकसानभरपाई हा आहे, इमारत निधी वाढवणं हा नव्हे.

राहतो प्रश्न अनामत परत कधी करायची. शेवटची गोणी गेली त्या दिवशी केली, तर सर्वांत मोठं नुकसान अजून दिसलेलंच नसतं. संक फोडला म्हणजे जुनं वॉटरप्रूफिंग गेलं. नवं केल्यावर, टाइल्स बसवण्याआधी नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी भरून ठेवतात आणि 48 तासांनी सहाव्या मजल्यावरचं छत पाहतात. पाण्याच्या पातळीवर भिंतीला खूण केलेली असते, त्यामुळे पाणी कमी झालं तरी कळतं. छत कोरडं असेल तर सहाव्या मजल्यावरच्या सभासदाची कागदावर सही घ्यायची. ओल दिसली तर टाइल्स बसण्याआधीच ते दुरुस्त होतं, आणि खर्च दहा पटींनी वाढत नाही. काही सोसायट्या ही चाचणी झाल्याशिवाय टाइल्सचा माल वर न्यायलाच गेट पास देत नाहीत, आणि काम संपल्यावर पंधरा दिवसांत, या सहीच्या कागदाची प्रत पाहून, अनामतीचा चेक काढतात.