एका पॅलेटचा खरा खर्च

भिवंडीच्या पट्ट्यात असंख्य कंपन्यांचा माल दुसऱ्याच कोणाच्या तरी गोदामात ठेवलेला असतो. जागा, रॅक, फोर्कलिफ्ट आणि माणसे गोदामवाल्याची, माल कंपनीचा. या सेवेचा दर बहुधा पॅलेटमागे ठरतो. महिन्याचा सगळा खर्च बेरजेला घ्यायचा, पॅलेटच्या संख्येने भागायचा आणि वर नफा चढवायचा. हिशेब सोपा आहे, पण त्यात एका ग्राहकाचा खर्च नकळत दुसऱ्याच्या बिलात जातो.

एक कल्पित गोदाम घेऊ. महिन्याचा खर्च १०,२०,००० रुपये आणि ठेवलेली पॅलेट १,७००. म्हणजे पॅलेटमागे ६०० रुपये. ग्राहक दोन, एक साबणाची कंपनी आणि एक सौंदर्यप्रसाधनांची. दोघांचीही सरासरी ८५० पॅलेट तिथे असतात आणि दोघांचीही महिन्याला ५०० पॅलेट आत येतात. साबणाची तेवढीच पॅलेट अखंड बाहेर जातात. प्रसाधनांची पॅलेट मात्र फोडून, एकेक खोके वेचून दुकानांकडे पाठवावी लागतात. जुन्या हिशेबात दोघांच्या वाट्याला सारखेच, ५,१०,००० रुपये येतात.

ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग, म्हणजे कामनिहाय खर्चमोजणी, इथे वेगळी वाट धरते. हार्वर्डचे रॉबर्ट कॅप्लान आणि रॉबिन कूपर यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. तिचे सूत्र असे, की खर्च आधी कामांवर टाकायचा आणि मग ज्याने जितके काम करवून घेतले, त्याच्याकडून तितका घ्यायचा.

आपल्या गोदामात चार कामे पुरतात. भाडे, रॅक, वीज, पहारा हा साठवणीचा खर्च ५,१०,००० रुपये. पूर्ण पॅलेट चढवण्या-उतरवण्याचा १,८०,०००. खोकी वेचण्याचा २,४०,०००. ऑर्डर नोंदवणे, चलन आणि ई-वे बिल काढणे याचे ९०,०००. एकच माणूस दोन कामे करत असेल, तर आठवडाभर त्याच्या वेळेची नोंद ठेवून पगार त्या प्रमाणात विभागायचा.

आता प्रत्येक कामाचे माप शोधायचे. पॅलेटची ने-आण महिन्याला १,५०० वेळा होते, म्हणून दर खेपेला १२० रुपये. ५०० पॅलेटमधून प्रत्येकी ४० याप्रमाणे २०,००० खोकी वेचली जातात, म्हणून खोक्याला १२ रुपये. ऑर्डर १,०००, म्हणून ऑर्डरला ९० रुपये. साठवणीचे पॅलेटमागे ३०० रुपये.

साबणवाल्याच्या १,००० खेपा आणि १०० ऑर्डर. साठवण धरून त्याचा खर्च ३,८४,००० रुपये होतो, म्हणजे पॅलेटमागे सुमारे ४५२. प्रसाधनवाल्याच्या ५०० खेपा, सगळी २०,००० खोकी आणि ९०० ऑर्डर. त्याचा खर्च ६,३६,००० रुपये, पॅलेटमागे सुमारे ७४८. साबणवाला दरमहा १,२६,००० रुपये जास्त भरत होता. त्याला शेजारच्या गोदामाने ५०० रुपयांचा दर सांगितला, तर तो जाईल, आणि ज्याच्यावर तोटा होतो तोच ग्राहक मागे उरेल. माल तितकाच असताना ओव्हरटाइम वाढत असेल, तर हीच गळती सुरू आहे असे समजावे.

रिकाम्या जागेचा प्रश्न मात्र जपून हाताळावा लागतो. या गोदामात जागा २,००० आहेत, पण माल हलवायला मोकळीक हवी म्हणून प्रत्यक्षात ८५ टक्केच, म्हणजे १,७०० वापरता येतात. साठवणीचा खर्च याच आकड्याने भागला आहे. उद्या मंदीत १,२०० पॅलेटच उरली, तरी भाजक १,७००च ठेवावा. नाहीतर पॅलेटचा दर ३०० वरून ४२५ वर जाईल, दर वाढला म्हणून आणखी ग्राहक जातील आणि दर पुन्हा चढेल. पडून राहिलेल्या ५०० जागांचे दीड लाख रुपये मालकाने स्वतःच्या खात्यात वेगळे दाखवावेत. तो विक्रीचा प्रश्न आहे, ग्राहकाच्या बिलाचा नाही.

कामांची यादी फार लांबवली, तर नोंदी ठेवण्यातच पैसा जातो. दुसरीकडे, जड आणि हलके खोके एकाच दराने धरले, तर जुनी चूक लहान रूपात परत येते. ज्या फरकाने बिल लक्षणीय बदलते, तेवढाच वेगळा मोजावा. दिवाळीच्या हंगामात कामाची घडीच बदलते, म्हणून तेव्हा मापे पुन्हा तपासावीत.

दरपत्रक असे सुटे मांडले, की ग्राहकही वागणूक बदलतो. प्रसाधनवाल्याने रोजच्या किरकोळ ऑर्डरी एकत्र करून त्या निम्म्या केल्या, तर त्याचे महिन्याला ४०,५०० रुपये वाचतात. गोदामाचे मात्र आपोआप वाचत नाहीत, कारण कारकुनाचा पगार तेवढाच राहतो. त्याच्या मोकळ्या झालेल्या वेळात नव्या ग्राहकाचे काम आणले, तरच ती बचत मालकाच्याही हाती लागते.