पगार सुरू झाला, बोलणं नाही

चिंचवडमधलं एक जोडपं डोळ्यांपुढे आणा. (मी जवळून पाहिलेल्या तीन-चार घरांचं मिळून हे एक घर झालंय.) तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर, ती शाळेत शिक्षिका. कारखान्यातली एक लाइन बंद पडली आणि त्याची नोकरी गेली. चौदा महिने तो घरी होता. मग दुसरीकडे काम लागलं, पगार थोडा कमी, पण महिन्याच्या महिन्याला खात्यात येणारा. पेढे वाटून झाले, घराचा हप्ता रुळावर आला. आता तीन महिने होऊन गेलेत आणि दोघं अजून टीव्हीकडे तोंड करून जेवतात. 'गॅस नोंदवलात का?' 'हो.' एवढंच बोलणं. दोघांनाही मनातून एकच प्रश्न पडलाय: संकट तर टळलं, मग हे असं का?

कारण नोकरी गेली तेव्हा नुसता पैसा गेला नव्हता, दोघांची घड्याळंही वेगळी चालायला लागली होती. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गिरणीगावात १९३१-३२ च्या सुमारास मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे टिपून ठेवलंय. गिरणी बंद होऊन सारं गाव बेकार झालं होतं. अभ्यासकांनी खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. पुरुष रेंगाळत, पुन्हापुन्हा थांबत चालत होते. बायका मात्र भराभर पुढे जात होत्या, कारण चूल, पोरं, धुणी यांना बेकारी नव्हती. एकाच घरात एकाचा दिवस संपता संपत नव्हता आणि दुसरीला तो पुरत नव्हता. आपल्या चिंचवडच्या घरात वेगळं काय होतं? ती साडेसहाला डबा भरून बाहेर पडायची. तो रात्री दोनपर्यंत मोबाइलवर जागा असायचा.

त्यातून एक चक्र सुरू होतं. संध्याकाळी आल्या आल्या ती विचारायची, "अहो, त्या कंपनीतून फोन आला का?" तो म्हणायचा, "बघू." ती पुन्हा विचारायची, जरा चढ्या आवाजात. तो चपला घालून खाली जायचा. तिला वाटायचं, हे बोलत नाहीत म्हणून मला विचारावं लागतं. त्याला वाटायचं, ही उलटतपासणी घेते म्हणून मी बोलत नाही. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी या मागणी-माघारीच्या चक्राचा खूप अभ्यास केला आहे. यात गंमत अशी, की दोघांच्याही मते सुरुवात समोरच्याने केलेली असते. मग कधीतरी ती विचारणंच सोडून देते. घर शांत होतं, आणि त्या शांततेलाच दोघं समजूतदारपणा समजतात. माझ्या मते खरा दुरावा इथे सुरू होतो, भांडणात नव्हे. पगार सुरू झाला तरी ही सवय जात नाही, कारण आता तिला नोकरीचं निमित्तच लागत नाही.

यावर लोक सुचवतात ते महाबळेश्वर. चार दिवस फिरून या, सगळं ठीक होईल. पण ज्यांना घरात दहा मिनिटं बोलायला जमत नाही त्यांना हॉटेलच्या खोलीत चार दिवस कोंडणं हा उपाय मला कधी कळला नाही. रात्रभर बसून 'एकदाच काय ते बोलून टाकू' हेही तितकंच धोक्याचं. चौदा महिन्यांची उधारी एका बैठकीत फिटत नाही.

अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांना प्रयोगशाळेतल्या एका घरात राहायला बोलावून त्यांचं साधं वागणं पाहिलं. एकाने घातलेल्या साध्यासुध्या सादेला, म्हणजे 'बाहेर बघ काय पाऊस पडतोय' इतक्याच, दुसरा ओ देतो की नाही हे त्यांनी मोजलं. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती, त्यांनी अशा सादांना शंभरात ८६ वेळा ओ दिली होती. जी वेगळी झाली, त्यांनी ३३ वेळा. म्हणजे जोडायचं ते इथून, इतक्या बारीक ठिकाणाहून.

गॉटमन यांचाच एक उपाय या जोडप्याला लागू पडतो: रोज वीस मिनिटांच्या गप्पा, दहा तिच्या, दहा त्याच्या. विषय घराबाहेरचा. शाळा, साहेब, बसमधली गर्दी काहीही चालेल, पण नवरा-बायकोतली तक्रार नाही आणि पैसा तर नाहीच. ऐकणाऱ्याने तोडगा सुचवायचा नाही.

पहिल्या आठवड्यात हे हमखास फसतं. ती म्हणाली, "मुख्याध्यापिकेने पुन्हा माझ्यावरच निकालपत्रकं टाकली." तो लगेच म्हणाला, "मग स्पष्ट नाही म्हणायचं ना!" ती गप्प झाली. त्याला कळेना, आपण मदतच तर करत होतो. 'पुन्हा तुझ्यावरच? मग किती वाजले?' एवढं म्हटलं असतं तरी ती पुढे बोलली असती. फसलं की नाही याची खूण सोपी आहे: तुमच्या उत्तरानंतर समोरचं माणूस आणखी एक वाक्य बोललं का?

पैशाला वेगळी जागा हवी. रविवारी सकाळी अर्धा तास, वही उघडून, आणि तेवढंच. तिथे बहुतेक घरांत एखादी लपवलेली रक्कम निघते. इथे त्याने मित्राकडून घेतलेले चाळीस हजार निघाले. ती चिडली, आणि चिडणं रास्तच होतं. पण वही समोर होती म्हणून राग आकड्यावर राहिला, माणसावर गेला नाही. महिन्याला चार हजार, दहा महिने, असं लिहून वही मिटली.

एक गोष्ट मात्र वहीत मावत नव्हती. घरी असताना मुलाचा अभ्यास तो घ्यायचा, पालकसभेला तो जायचा. कामावर रुजू झाल्यावर तिने ते सगळं मुकाट्याने परत स्वतःकडे घेतलं. तिला वाटलं, त्यांचा भार हलका करतेय. त्याला वाटलं, आपण घरात पाहुणे झालो. यावर तोडगा गप्पांचा नव्हता, कामाचा होता. गणित पुन्हा त्याच्याकडे आलं.

याला मर्यादा आहेत. मारहाण असेल, दारू असेल, तर वीस मिनिटांच्या गप्पांचा खेळ खेळू नये. आधी सुरक्षितता आणि बाहेरची मदत. माणूस आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, कशातच रस उरला नसेल, जगणं नको म्हणत असेल, तर ते रुसणं नव्हे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, मराठीत बोलता येतं.

या दोघांचं जुनं दुखणं सहाव्या-सातव्या आठवड्यात निघालं, ठरवून नव्हे. तिच्या भावाच्या लग्नात कुणीतरी विचारलं होतं तेव्हा तिने सांगितलं होतं, "ते सध्या घरूनच काम करतात." तो मागेच उभा होता. वर्ष होऊन गेलं होतं.

"तुला माझी लाज वाटली होती," तो म्हणाला.

"तुम्हाला कुणी चार प्रश्न विचारायला नकोत म्हणून म्हटलं होतं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "थोडी लाजही वाटली होती."

तो खाली गेला नाही.