तारीख ११, बिल १५ चं

सकाळी ८:३० : भोसरीतल्या आमच्या युनिटमध्ये सीएनसीच्या तिन्ही मशीन चालू आहेत. काम भरपूर, पैसा नाही. १५ तारखेला स्टीलवाल्या शेठचं ६,४०,००० रुपयांचं बिल देय आहे. चाकणच्या ग्राहकाकडून ८ तारखेला येणारे ९,८०,००० आलेले नाहीत. पगार ७ ला झाले. सीसी खात्यात उचलता येतील असे ४ लाख आहेत. त्यातून २० तारखेचा जीएसटी १,१५,००० आणि हीट ट्रीटमेंटवाल्याचे ६८,००० जायचेत. राहतात २,१७,०००.

हीट ट्रीटमेंटवाल्याला थांबवायचं नाही, हे आधीच ठरवलं. तो लहान उद्योजक, उद्यम नोंदणीवाला. त्याचे ४५ दिवस भरत आलेत आणि एमएसएमई कायद्यात लेखी करारानेही त्यापुढे मुदत नेता येत नाही. पुढे चक्रवाढ व्याज लागतं. शेठ व्यापारी, त्यांच्या बिलाला ही तरतूद लागत नाही. शिवाय त्यांच्याकडे थांबायची ताकद आहे. मुदत मागायची ती ज्याला झेपेल त्याच्याकडेच.

९:४५ : शेठला फोन करण्याआधी चाकणच्या अकाउंट्सला. “पैसे कधी?” असं विचारलं की “लवकरच” एवढंच उत्तर येतं, म्हणून विचारलं, “आमचा जीआरएन पास झालाय का, आणि बिल कुठल्या पेमेंट रनमध्ये आहे?” कळलं की थ्रेड गेजच्या तपासणीसाठी एक लॉट अडकला होता. काल पास झाला. ८ चा रन हुकला, आता २५ चा. तसं मेलवर लिहून मागितलं, अर्ध्या तासात आलंही.

११:०० : शेठ दुकानात येऊन, चहा घेऊन बसले असतील अशी ही वेळ. मुदत संपल्यावर त्यांचा फोन येईपर्यंत वाट पाहिली असती, तर हेच बोलणं सबब वाटलं असतं.

“शेठ, १५ ला पूर्ण बिल होणार नाही. २ लाख १५ लाच देते. २,२०,००० महिन्याच्या ३० ला, उरलेले २,२०,००० पुढच्या १० ला.”

“ताई, सगळेच असं म्हणतात. गिऱ्हाईक बुडालं की काय?”

“नाही, लॉट तपासणीत अडकला होता. पास झाल्याचा मेल पाठवते. पैसे २५ ला येतायत, मी ३० सांगतेय.”

ते पाच दिवस मुद्दाम ठेवलेत. २५ च सांगितली असती आणि एक दिवस जरी हुकला असता, तर पुन्हा फोन करावा लागला असता. दुसऱ्यांदा मागितलेली मुदत पहिलीपेक्षा फार महाग पडते. १० चा हप्ता दुसऱ्याच एका ग्राहकाच्या पैशावर आहे, जो ५ पर्यंत न चुकता देतो.

“मग दोन्ही हप्त्यांचे पुढच्या तारखेचे चेक पाठवा.”

इथे होकार देणं सगळ्यात सोपं होतं. पण चेक परत गेला तर कलम १३८ आहेच, आणि बाजारात बातमी त्याआधी पोचते. म्हटलं, “१० चा चेक देते. ३० चे पैसे याच अडकलेल्या पार्टीवर आहेत, त्याचा चेक देत नाही. पैसे आले की आरटीजीएस.”

ते जरा गप्प राहिले. मग व्याजाचं निघालं. त्यांच्या बिलावर उशिराला १८ टक्के छापलेलं आहे. घासाघीस केली नाही: २,२०,००० वर १५ दिवसांचे १,६२७ आणि २५ दिवसांचे २,७१२, मिळून ४,३३९. शेवटच्या हप्त्यासोबत देईन, असं मी म्हटलं. मीच आकडा सांगितल्यावर शेठचा आवाज उतरला.

“आणि नवीन माल?”

“२५ पर्यंतचा बार स्टॉकमध्ये आहे. ३० चा हप्ता पोचेपर्यंत उधारीवर काही उचलत नाही.” त्यांना खरी भीती हीच असते: जुनं थकलेलं असताना नवं चढत जाणं.

१२:१५ : बोलणं झालं तसं मेलवर टाकलं. बिल नंबर, तीन तारखा, तीन रकमा, व्याज आणि चाकणचा मेल जोडलेला. “अपरिहार्य कारणास्तव” वगैरे काही नाही. सहा ओळींत झालं. त्यांच्या मुनिमालाही पाठवलं, कारण १६ ला तगाद्याचा फोन तोच करतो आणि त्याला शेठनी सांगितलेलं असेलच असं नाही.

४:०० : १० तारखेचा चेक लिहून मुलाबरोबर दुकानात पाठवला.

५:३० : शेठचा मेसेज : “ओके. १५ चे २ लाख दुपारी १२ च्या आत.” आमच्या अकाउंटंटला सांगून ठेवलं, १५ ला सकाळी बँकिंग उघडलं की पहिलं काम आरटीजीएस, आणि यूटीआर नंबर शेठ आणि मुनीम दोघांना. मग दुसऱ्या शिफ्टचं प्रोग्रॅम शीट घेऊन शॉपवर गेले. दोन नंबरच्या मशीनचा इन्सर्ट बदलायचा राहिला होता.