मोडलेल्या एफडीचा हिशेब

बँकेत एफडी मोडायला आलेला माणूस बहुतेक वेळा मनात आकडा मांडूनच येतो. व्याज सात टक्के ठरले होते, दंड अर्धा टक्का आहे, तेव्हा साडेसहा टक्क्यांनी पैसे मिळतील, असा त्याचा हिशेब असतो. प्रत्यक्षात हाती येणारी रक्कम त्याहून कमी भरते आणि बँकेने आपल्याला फसवले, असे त्याला वाटते. बँकेने बहुधा नियमानेच आकडेमोड केलेली असते. तो नियम आधी कोणी नीट समजावून सांगितलेला नसतो, एवढेच.

मुदत ठेव हा मुदतीचा करार आहे. तुम्ही ठरावीक रक्कम ठरावीक काळ बँकेत ठेवता आणि बँक ठेवीच्या दिवशीचा दर शेवटपर्यंत देते. पुढे बाजारात दर घसरले तरी तुमचा दर बदलत नाही. बँकांतल्या ठेवी कमीत कमी सात दिवसांच्या आणि साधारणपणे जास्तीत जास्त दहा वर्षांच्या असतात. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवले जाते आणि पुढच्या तिमाहीत त्या व्याजावरही व्याज चढते.

प्रत्येक बँकेचे एक दरपत्रक असते. त्यात सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षे, दोन ते तीन वर्षे असे मुदतीचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याचा वेगळा दर असतो. एफडी मोडताना सगळे घडते ते या दरपत्रकावर.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही दोन लाख रुपये तीन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवले. त्या दिवशीच्या दरपत्रकात एक ते दोन वर्षांच्या ठेवीला ६.६० टक्के दर होता. पंधरा महिन्यांनी पैशांची गरज पडली आणि तुम्ही पावती मोडली. बँकेचा दंड अर्धा टक्का आहे.

बँक आधी विचारते की हे पैसे आपल्याकडे खरोखर किती काळ राहिले. उत्तर पंधरा महिने. मग ती ठेवीच्या दिवशीचे दरपत्रक उघडून पंधरा महिन्यांना कोणता दर होता ते पाहते. तो ६.६० टक्के. सात टक्के हा दर तीन वर्षे थांबणाऱ्यासाठी होता, म्हणून तो इथेच बाद होतो. त्यानंतर ६.६० मधून दंडाचा अर्धा टक्का वजा होऊन ६.१० टक्के उरतात आणि पहिल्या दिवसापासून याच दराने व्याज मोजले जाते.

सात टक्क्यांनी पंधरा महिन्यांत दोन लाखांचे २,१८,१२३ रुपये झाले असते. हाती येतात २,१५,७२२ रुपये. साधारण २,४०० रुपयांच्या या फरकात दंडाचा वाटा सुमारे १,३३० रुपये आहे. उरलेले १,०७० रुपये मुदतीचा टप्पा खाली आल्यामुळे गेले. साडेसहा टक्क्यांच्या हिशेबाने आलेल्या माणसाच्या लक्षात न येणारा हाच तो भाग.

दंडाचा दर प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. रिझर्व्ह बँकेने तेवढे स्वातंत्र्य दिले आहे, पण ठेव घेतानाच ठेवीदाराला हा दर सांगणे बँकेवर बंधनकारक आहे. भारतीय स्टेट बँक पाच लाखांपर्यंतच्या ठेवीवर अर्धा टक्का आणि त्याहून मोठ्या ठेवीवर एक टक्का कापत आली आहे. सात दिवसांच्या आत ठेव मोडली तर व्याज मिळतच नाही.

टप्पा का घसरतो, याचे कारण सरळ आहे. तसे नसते तर तीन महिन्यांनी पैसे लागणार हे ठाऊक असलेल्या माणसानेही सर्वात जास्त दराची मुदत निवडली असती आणि हवे तेव्हा पैसे काढून नेले असते. मग वेगवेगळ्या मुदतींना वेगवेगळे दर ठेवण्याला काही अर्थच राहिला नसता. दंडामागचे कारण निराळे. तुमच्या दोन लाखांच्या भरवशावर बँकेने कोणाला तरी दीर्घ मुदतीचे कर्ज दिलेले असते. तुम्ही मध्येच पैसे मागितले म्हणून त्या कर्जदाराकडून ते परत मागता येत नाहीत. बँकेला त्या दिवशीच्या भावाने दुसरीकडून पैसे उभे करावे लागतात आणि अशा अवचित मागणीसाठी काही रक्कम कायम हाताशी ठेवावी लागते. एवढ्यासाठी अर्धा टक्का मला अवाजवी वाटत नाही. साध्या पाच-दहा लाखांच्या ठेवीला एक टक्का मात्र जड आहे.

सर्वाधिक गोंधळ होतो तो दर तिमाहीला व्याज खात्यात घेणाऱ्यांचा. यांत निवृत्त माणसे अधिक. वरच्याच ठेवीवर त्यांना दर तिमाहीला ३,५०० रुपये मिळाले, म्हणजे पंधरा महिन्यांत १७,५००. सुधारित ६.१० टक्क्यांनी त्यांचा हक्क ३,०५० रुपयांचा, एकूण १५,२५०. जादा गेलेले २,२५० रुपये बँक मुद्दलातून वळते करते आणि दोन लाख ठेवलेल्या माणसाच्या हाती १,९७,७५० रुपये ठेवते. मुद्दलच घटलेले पाहून काळजात धस्स होते. अशा वेळी शाखेकडून दराचा आणि वसुलीचा हिशेब लेखी मागून घ्यावा. आपला ठेवीचा दिवस, त्या दिवशीचा टप्प्याचा दर आणि दंड ही तीन माहितींची जुळणी केली की आकडा बरोबर आहे की चूक, ते घरीच कळते.

मोडण्याआधी टप्प्याची कडाही तपासावी. समजा त्याच दरपत्रकात सहा महिने ते एक वर्षाला ५.८० टक्के होते. ३६० व्या दिवशी पावती मोडली तर दंड वजा होऊन ५.३० टक्के मिळतात. वर्ष पूर्ण होऊ दिले तर ६.१० टक्के. या पाच दिवसांत दोन लाखांवर जवळपास १,८०० रुपयांचा फरक पडतो.

गरज थोड्या दिवसांची असेल तर पावती न मोडता तिच्यावर कर्ज घेता येते. पतसंस्थेत याला ठेवतारण कर्ज म्हणतात. बँका सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज लावतात. आपल्या उदाहरणात चार महिन्यांसाठी ५०,००० रुपये ८ टक्क्यांनी घेतले तर व्याज सुमारे १,३३३ रुपये होते. ठेव मात्र सात टक्क्यांनी वाढतच राहते. हीच गरज वर्षभराची असेल तर व्याज ४,००० रुपयांवर जाते आणि मग मोडणेच स्वस्त पडू शकते. करबचतीच्या पाच वर्षांच्या ठेवीवर मात्र ना कर्ज मिळते, ना ती मुदतीआधी मोडता येते.

दोन लाखांची एकच पावती करण्याऐवजी पन्नास-पन्नास हजारांच्या चार पावत्या केल्या तर दर तोच मिळतो. पन्नास हजारांची गरज पडली की त्यातली एकच मोडायची. मग २,४०० रुपयांऐवजी फक्त ६०० रुपयांचा फटका बसतो आणि उरलेले दीड लाख रुपये मूळ करारानुसार सात टक्क्यांनी तीन वर्षे पूर्ण करतात.