उतरत्या तळाच्या स्विमिंग पूलमध्ये नेमकं किती लिटर पाणी असतं?

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, आणि आलेल्या घनमीटरला १००० ने गुणलं की लिटर. हे सूत्र शाळेपासून सगळ्यांना पाठ असतं आणि ते चुकीचंही नाही. अडचण आहे ती त्यातल्या एकाच शब्दात, ‘सरासरी’मध्ये. पूलवर क्लोरीनचा डोस ठरवायचा असो, पाण्याच्या गुणवत्तेवर प्रयोग करायचा असो किंवा गळती किती होतेय ते काढायचं असो, सगळे पुढचे आकडे या एका घनफळावर उभे असतात. म्हणून एक पूल घेऊन शांतपणे बघू.

समजा पूल २५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. उथळ टोकाला पाणी १.१ मीटर, खोल टोकाला २.९ मीटर. बहुतेक जण इथे लगेच (१.१ + २.९) ÷ २ = २.० मीटर असं करतात. मग २५ × १२ × २ = ६०० घनमीटर, म्हणजे ६,००,००० लिटर. गणित बरोबर आहे. पण या गणिताने एक गोष्ट न विचारता गृहीत धरली: तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच सरळ उताराने गेला आहे.

असा पूल सापडतो, नाही असं नाही. पण शिकणारे आणि पोहणारे दोघंही एकाच पूलमध्ये असतात तिथे तळ सहसा तसा नसतो. उथळ भाग लांबलचक आणि जवळजवळ सपाट ठेवतात, मग थोड्या अंतरात एकदम उतार, आणि पुढे खोल सपाट भाग. आपल्या पूलचा तळ असा आहे असं धरू: पहिल्या १५ मीटरमध्ये खोली १.१ वरून हळूहळू १.५ होते. पुढच्या ५ मीटरमध्ये ती १.५ वरून थेट २.९ वर जाते. शेवटचे ५ मीटर २.९ वरच सपाट.

आता पूल बाजूने उभा कापला आहे अशी कल्पना करा आणि कागदावर चित्र काढा (खरंच काढा, डोक्यात नको). वर पाण्याची आडवी रेघ, खाली तीन तुकड्यांचा तळ. त्या दोघांमध्ये तीन आकृत्या दिसतात: दोन समलंब चौकोन आणि एक आयत. समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे समांतर बाजूंची सरासरी गुणिले त्यांच्यामधलं अंतर. इथे समांतर बाजू म्हणजे तुकड्याच्या दोन टोकांची खोली.

पहिला तुकडा: १५ × (१.१ + १.५) ÷ २ = १९.५ चौरस मीटर.
दुसरा: ५ × (१.५ + २.९) ÷ २ = ११.० चौरस मीटर.
तिसरा: ५ × २.९ = १४.५ चौरस मीटर.

बेरीज ४५ चौरस मीटर. रुंदी सगळीकडे सारखी असल्यामुळे ४५ × १२ = ५४० घनमीटर, म्हणजे ५,४०,००० लिटर. आधीच्या उत्तरापेक्षा ६०,००० लिटर कमी. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबात सांगायचं तर सहा टँकर पाणी फक्त कागदावर होतं. खरी सरासरी खोली ४५ ÷ २५ = १.८ मीटर आहे, २.० नाही.

एक बारीक गोष्ट: दुसऱ्या तुकड्याचे ५ मीटर हे पाण्याच्या पृष्ठभागावर, आडवे मोजलेले हवेत. रिकाम्या पूलमध्ये उतरून उतारावर टेप टाकली तर ती ५.१९ मीटर दाखवेल, आणि तो आकडा या सूत्रात चालत नाही.

तळ एकसंध आहे की मोडलेला, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. बरोबर मध्यावर, म्हणजे १२.५ मीटरवर, एकदा खोली मोजा. तळ सरळ असता तर तिथे २.० मीटर आली असती. आपल्या पूलमध्ये ती साधारण १.४३ येते. एका वाचनात निकाल लागतो. वाचन सरळ रेषेच्या अंदाजापेक्षा उथळ आलं तर दोन टोकांची सरासरी बहुतेक वेळा पाणी जास्त दाखवणार, खोल आलं तर कमी. मोड नेमका कुठे आहे ते शोधायचं असेल तर दर मीटरला खोली घ्या आणि लागोपाठच्या वाचनांतला फरक बघा. पहिल्या भागात खोली मीटरमागे जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरने वाढते, पुढे एकदम २८ सेंटिमीटरने. जिथे फरक उडी मारतो तिथे मोड.

इथे संशोधनात वारंवार भेटणारा एक सापळा आहे. समजा तुम्ही दर ५ मीटरला खोली मोजली: १.१०, १.२३, १.३७, १.५०, २.९० आणि २.९०. सहा वाचनं आहेत, मग बेरीज करून सहाने भागायचं, असंच हात करतो. उत्तर १.८३ मीटर, आणि घनफळ ५५० घनमीटर. दहा हजार लिटर पुन्हा जास्त! वाचनं अचूक, तरी असं का? कारण मधलं प्रत्येक वाचन आपल्या दोन्ही बाजूंच्या अडीच-अडीच मीटरचं प्रतिनिधित्व करतं, पण टोकाच्या वाचनाला एकच बाजू असते. म्हणून टोकाच्या वाचनांना निम्मं वजन द्यायचं आणि सहाऐवजी पाचाने भागायचं: (०.५५ + १.२३ + १.३७ + १.५० + २.९० + १.४५) ÷ ५ = १.८. ‘समलंब नियम’ म्हणतात तो हाच, वेगळं काही नाही. मोडाच्या जागा माहीत असतील तर सारख्या अंतराचाही हट्ट नको, चार बिंदू पुरतात:

```python
x = [0, 15, 20, 25]
d = [1.1, 1.5, 2.9, 2.9]
A = sum((x[i+1]-x[i])*(d[i]+d[i+1])/2 for i in range(3))
print(round(A * 12 * 1000))   # 540000
```

आता मोजमापाकडे. कुठल्या मापाची चूक किती महाग पडते, हे आधी काढून ठेवलं की कुठे वेळ घालवायचा ते आपोआप कळतं. लांबीत ५ सेंटिमीटर चुकलं तर साधारण १,१०० लिटरचा फरक. रुंदीत तेवढंच चुकलं तर २,२५० लिटर. पण पाण्याची पातळी ५ सेंटिमीटर चुकली तर २५ × १२ × ०.०५, म्हणजे १५,००० लिटर! लोक मात्र लांबी मिलिमीटरपर्यंत मोजतात आणि खोली काठावरच्या फरशीवर रंगवलेली वाचून घेतात.

तो रंगवलेला आकडा पोहणाऱ्याला अंदाज यावा म्हणून असतो, बऱ्याचदा पूर्णांकाजवळ आणलेला. शिवाय खोली काठापासून धरायची नाही, पाण्याच्या पृष्ठभागापासून धरायची. काठ पाण्याच्या १५ सेंटिमीटर वर असेल आणि तुम्ही सगळी वाचनं काठापासून घेतलीत, तर या पूलमध्ये ४५,००० लिटर फुकटचे वाढतात. आणि ही चूक जास्त वाचनं घेऊन कमी होत नाही, कारण प्रत्येक वाचन एकाच दिशेने चुकतंय. डोळ्यांवर तर अजिबात विसंबू नका: सरळ वरून बघितलं तर २.९ मीटर खोल तळ सव्वादोन मीटरच्याही थोडा वरच वाटतो. पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्या, ओळंब्याला टेप बांधून सोडा, आणि ओळंबा तळाला टेकला की पाण्याच्या रेषेवर वाचा. टेपचा शून्य ओळंब्याच्या टोकाशी आहे ना, ते आधी बघून घ्या.

तळ आणि भिंत मिळते तिथली गोलाई सोडून दिली तर चालतं का? १५ सेंटिमीटर त्रिज्येची गोलाई सगळ्या ७४ मीटर परिघावर धरली तरी जेमतेम ३६० लिटर कमी होतात. सोडून द्या. पाण्यात बांधलेल्या रुंद पायऱ्या असतील तर त्यांचं घनफळ मात्र वजा करा.

मग उत्तर किती आकड्यांपर्यंत लिहायचं? पातळीत २ सेंटिमीटर, मोडाच्या जागेत ३० सेंटिमीटर, रुंदीत ३ आणि लांबीत ५ सेंटिमीटर अनिश्चितता धरली, तर त्यांचे परिणाम अनुक्रमे सुमारे ६,०००, ३,२००, १,३५० आणि १,१०० लिटर. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या चुका असल्याने वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: सुमारे ७,००० लिटर. म्हणून ५.४० लाख, अधिक-उणे ०.०७ लाख लिटर असं लिहा. (१९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्या एक किलो पाण्याच्या घनफळावरून होती आणि ते एक घन डेसिमीटरपेक्षा किंचित मोठं निघालं होतं. आपल्या पूलला त्याने फरक पडला असता पंधरा लिटरचा. मी हे फक्त मजा म्हणून काढलं.)

हा फरक डोसमध्ये कसा उतरतो ते बघा. क्लोरीन लिटरमागे २ मिलिग्रॅमने वाढवायचं आहे. म्हणजे घनमीटरमागे २ ग्रॅम, ५४० घनमीटरला १,०८० ग्रॅम. ६५ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर १.६६ किलो. ६०० घनमीटर धरलं असतं तर १.८५ किलो टाकली असती. एका दिवसाला हे फार नाही. पण याच पूलवर ‘क्लोरीन किती वेगाने संपतं’ हे मोजणारा प्रयोग असेल, तर टाकलेल्या प्रत्येक डोसचा हिशेब ११ टक्क्यांनी चुकतो, आणि ती चूक आलेखात कुठेच दिसत नाही.

घनफळ वेगळ्या मार्गाने तपासायचं तर क्लोरीन उपयोगाचं नाही, कारण ते पाण्यातल्या घाणीत आणि उन्हात खर्च होतं. साधं मीठ खर्च होत नाही. पूलमध्ये १०८ किलो मीठ विरघळवलं तर ५४० घनमीटरमध्ये लिटरमागे २०० मिलिग्रॅम वाढेल, ६०० असेल तर १८०. वाहकता मापकाने हा फरक पकडता येतो, पण मापकावर छापलेल्या गुणकावर जाऊ नका. मीठ टाकण्याआधी त्याच पूलचं एक लिटर पाणी काढून त्यात तेच मीठ ०.२ ग्रॅम विरघळवा आणि वाहकता किती वाढली ते नोंदवा, ती तुमची पट्टी. नंतर पंप चालू ठेवून उथळ आणि खोल, दोन्ही टोकांची वाचनं सारखी येईपर्यंत थांबा.

मिठाने काढलेलं घनफळ टेपच्या घनफळापेक्षा थोडं जास्त आलं तर दचकू नका. पाईप, फिल्टर आणि समतोल टाकी यांतलं पाणीही पंपाबरोबर फिरत असतं, आणि मीठ त्यातही मिसळतं. डोस ठरवताना तेच घनफळ हवं असतं. गळती काढताना मात्र पातळी उतरल्यावर किती पाणी गेलं ते पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतं, ३०० चौरस मीटर गुणिले उतरलेली उंची. तिथे तळाचा उतार, मोड, काहीच लागत नाही.