ॲड्रेनलीनची दोन अर्बुदे

कोलकात्याच्या गार्डन रीच भागातील जहाजबांधणीच्या गोदीत काम करणारा, चाळिशीतला एक कामगार आपण कल्पू. त्याला अधूनमधून एकाएकी छातीत धडधडू लागते, अंग घामाने निथळते, डोके ठणकते आणि चेहरा पांढराफटक पडतो. अर्ध्या तासाने सारे शांत होते. एरवी बेताचा असणारा त्याचा रक्तदाब अशा वेळी २२० पर्यंत चढलेला आढळतो. शरीरात कोठे तरी एखादे अर्बुद ॲड्रेनलीनच्या कुळातील द्रव्ये रक्तात ओतीत असेल, अशी शंका येथे वैद्याने घेतली पाहिजे.

ही द्रव्ये करणाऱ्या पेशींची वस्ती दोन ठिकाणी असते. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या गाभ्यात या पेशींचा मोठा साठा असतो. याखेरीज कवटीच्या तळापासून ओटीपोटापर्यंत, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या व मज्जातंतूंच्या आश्रयाने, त्यांच्याच भाईबंद पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. गाभ्यात उद्भवणाऱ्या अर्बुदास फिओक्रोमोसायटोमा म्हणतात व बाहेरच्या पुंजक्यांत उद्भवणाऱ्यास पॅरागँग्लिओमा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. नाव ठरते ते स्थानावरून. मूत्राशयाच्या भिंतीतील अर्बुद लघवीच्या वेळीच झटका आणते, तर मानेतील अर्बुदे बहुधा काहीच स्रवत नाहीत आणि केवळ गाठ म्हणून वाढतात.

स्थानाचा सुगावा रक्तातूनही लागतो. या पेशी प्रथम नॉरॲड्रेनलीन तयार करतात. त्याचे ॲड्रेनलीन करणाऱ्या एंझाइमास कॉर्टिसोल या संप्रेरकाची मोठी मात्रा लागते. अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्य भागात तयार होणारे कॉर्टिसोल थेट गाभ्यात झिरपते. दूरच्या पुंजक्यांना ते तेवढे मिळत नाही. म्हणून बाहेरची अर्बुदे नॉरॲड्रेनलीनपाशीच थांबतात.

परंतु ही द्रव्ये झटक्याझटक्याने सुटतात. रक्त घेतले त्या क्षणी ती वाढलेली असतीलच असे नाही. अर्बुदाच्या पेशींत मात्र त्यांचे मेटानेफ्रीन व नॉरमेटानेफ्रीन यांत अखंड रूपांतर चालू असते. म्हणून मोजावयाची ती हीच. रुग्णास अर्धा तास स्वस्थ निजवून रक्त घ्यावे. बसून घेतल्यास आकडा उगाच फुगतो. आपल्या कामगाराचे नॉरमेटानेफ्रीन कमाल मर्यादेच्या पाचपट भरले, मेटानेफ्रीन मात्र नेहमीइतकेच होते. यावरून बाहेरच्या अर्बुदाकडे बोट जाते; पण हा पुरावा नव्हे, कारण अधिवृक्क ग्रंथीतील काही अर्बुदेही अशीच वागतात. उलट, मेटानेफ्रीन स्पष्ट वाढले असते तर ग्रंथीकडेच पाहावे लागले असते. क्ष-किरणांच्या संगणकीय चित्रात त्याची गाठ महारोहिणीजवळ, ती दुभागते तेथे, सापडली.

गाठ काढण्यापूर्वी एक पथ्य कसोशीने पाळतात. प्रथम दोन आठवडे रक्तवाहिन्या सैल करणारी अल्फारोधक औषधे द्यावयाची. हृदयाची गती आवरणारी बीटारोधके त्यानंतरच. हा क्रम उलटला तर रक्तवाहिन्या अधिकच आवळून रक्तदाब भयंकर उसळू शकतो.

ही अर्बुदे मारक आहेत की नाहीत, हे केवळ पेशी पाहून निश्चित सांगता येत नाही. जेथे अशा पेशी एरवी नसतात तेथे, म्हणजे हाडांत, यकृतात वा लसीकाग्रंथींत, त्या आढळल्या तरच रोग पसरला असे म्हणतात. हा धोका ग्रंथीबाहेरच्या अर्बुदांत अधिक असतो. समजा, चार वर्षांनी आपल्या कामगाराच्या मणक्यांत तो दिसला.

येथे अर्बुदाची भूकच त्याच्याविरुद्ध वापरता येते. त्याच्या पेशी नॉरॲड्रेनलीन आत ओढून घेतात. एमआयबीजी हा रेणू त्याच्याशी साम्य असल्यामुळे त्याच वाटेने आत शिरतो. त्याला किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ जोडले की किरण आतूनच मारा करतात. या वेळी थायरॉइड ग्रंथीने ते आयोडीन शोषू नये म्हणून साधे आयोडीन आधीच देऊन तिला तृप्त करतात. दुसरा मार्ग डोटाटेटचा. हा रेणू पेशीवरील सोमॅटोस्टॅटिनच्या ग्राहींना चिकटतो आणि ल्युटेशियम-१७७ वाहून नेतो. मुंबईजवळ तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत हे ल्युटेशियम तयार केले जाते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६.७ दिवसांचे असल्यामुळे, कोलकात्यापर्यंतच्या प्रवासात दोन दिवस गेले तरी चार पंचमांश किरणोत्सर्ग शिल्लक राहतो. साधारणतः आठ आठवड्यांच्या अंतराने चार मात्रा देतात आणि मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी ॲमिनो आम्लांचे द्रावण शिरेवाटे सोडतात.

कोणता मार्ग घ्यावयाचा हे आधी काढलेल्या चित्रावरून ठरते. तोच रेणू अल्प मात्रेत देऊन, गाठी त्यास उचलतात की नाही हे पाहिले जाते. ज्या गाठी चित्रात उजळत नाहीत, त्यांना औषधही पोचणार नाही. कधी दोष गाठीचा नसून औषधाचा असतो: लॅबेटॅलॉल हे रक्तदाबाचे औषध चालू असेल, तर एमआयबीजीची वाटच अडते.

या उपचाराने पसरलेला रोग सहसा समूळ जात नाही. पुष्कळांच्या बाबतीत गाठींची वाढ थांबते, काहींत त्या आकसतात, झटके विरळ होतात. मज्जेवर होणाऱ्या परिणामामुळे रक्तपेशी घटतात, म्हणून प्रत्येक मात्रेपूर्वी रक्त तपासतात. त्या पुरेशा भरून आल्या नाहीत, तर पुढची मात्रा लांबणीवर टाकावी लागते.